बारा सभा, एक तक्ता

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत वार्षिक सभा घेऊन निबंधकाकडे विवरणपत्रे पाठवावी लागतात. त्याच सुमारास एखाद्या सभासदाच्या तक्रारीवरून उपनिबंधक कार्यालयाचे पत्र येते: वर्षभरातील खर्चाच्या निर्णयांचा तपशील द्या. मग सचिव इतिवृत्ताची वही उघडतात.

पहिली चूक इथेच होते, ती म्हणजे सभेला एक ओळ देणे. ओळ ठरावाला द्यायची असते. त्यात तारीख, ठराव क्रमांक, निर्णय, रक्कम, सद्यःस्थिती आणि वहीतले पान एवढे पुरते. ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिलेले विषय तक्त्यात येत नाहीत, मग चर्चा कितीही तापलेली असो.

समजा, जूनमध्ये गच्चीच्या गळतीसाठी 4 लाख मंजूर झाले. जुलैच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करताना आकडा 4 लाख 40 हजार असा दुरुस्त झाला. सप्टेंबरमध्ये कंत्राटदार बदलला. फक्त जूनचे पान पाहणारा 4 लाखच लिहील, आणि लेखापरीक्षकाला खतावणीत वेगळी रक्कम दिसेल. म्हणून जूनच्या ओळीत दुरुस्त रक्कम आणि दोन्ही पाने लिहावीत. सप्टेंबरचा ठराव मात्र स्वतंत्र ओळ. जुनी ओळ खोडायची नाही, तिच्यासमोर ‘सुधारित’ लिहून नवा क्रमांक द्यायचा.

मार्चच्या सभेचे इतिवृत्त बहुधा एप्रिलमध्ये कायम होते. त्यामुळे तक्ता मार्चपर्यंतचा असला, तरी एप्रिलचे पान वाचावेच लागते.