चार हजार तासांचा हिशेब आणि गणपतीची तिथी

यूट्यूबवर जाहिरातींतून पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या ३६५ दिवसांतले ४,००० वॉच अवर्स लागतात, हे चॅनल चालवणाऱ्या बहुतेकांना पाठ असतं. शॉर्ट्सवाल्यांना तासांऐवजी ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज दाखवून पात्र होता येतं. ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांची एक खालची पायरीही २०२३पासून आहे, पण तिथे मेंबरशिप, सुपर चॅट अशी प्रेक्षकांकडून थेट येणारी रक्कम मिळते, जाहिरातींचा वाटा मिळत नाही. गोंधळ होतो तो हे तास कसे मोजले जातात यावर.

सांगलीत पाककृतींचं चॅनल चालवणाऱ्या एका बाईंचं उदाहरण कल्पून पाहू. १५ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांचे सबस्क्रायबर १,१८० आहेत. यूट्यूब स्टुडिओच्या Analytics विभागात वर्षभराचा वॉच टाइम ४,३१० तास दिसतो. तरीही Earn या विभागात आकडा आहे ३,६१०. बाईंना वाटतं, यूट्यूबनं सातशे तास गिळले.

हे दोन आकडे मुळातच वेगळे आहेत. Analytics सगळंच मोजतं, Earn फक्त ग्राह्य तास धरतं. Analyticsमध्ये कंटेंटच्या प्रकारानुसार फोड केली की शॉर्ट्सचे ६२० तास बाजूला निघतात. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ चार हजारांत धरला जात नाही. ऑक्टोबर २०२४पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओही शॉर्टच समजला जातो, त्यामुळे फोन उभा धरून काढलेली अडीच मिनिटांची चटणी त्या खात्यात गेलेली असते. उरलेले ८० तास अनलिस्टेड व्हिडिओंचे आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून आलेल्या प्रेक्षकांचे. तेही वजा होतात. जुने व्हिडिओ 'बरे नाहीत' म्हणून डिलीट किंवा प्रायव्हेट केले तर त्यांचे तासही जातात. म्हणून अर्ज होईपर्यंत साफसफाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरा पेच ३६५ दिवसांचा. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते रोज एक दिवस पुढे सरकतं: आजचे तास जमा होतात आणि गेल्या वर्षीच्या त्याच दिवसाचे गळतात. चॅनल रोज सारखंच पाहिलं जात असेल तर हे जाणवतही नाही. पण सणांवर चालणाऱ्या चॅनलला हे फार जाणवतं, कारण आपले सण तिथीनं येतात आणि यूट्यूबचं वर्ष तारखेनं मोजलं जातं.

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. बाईंच्या उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओनं २९ ऑगस्टपासूनच्या दहा दिवसांत ५०० तास दिले. २०२५ साली चतुर्थी ११ दिवस आधी, २७ ऑगस्टलाच आली. तोच व्हिडिओ पुन्हा चालला आणि २७ तारखेपर्यंत ४८० तासांची भर पडली. गेल्या वर्षीचे मोदक अजून गळलेले नाहीत, यंदाचे जमा झालेत. रोजचे साधारण तास जेवढे येतात तेवढेच जातात असं धरलं, तर बेरीज ४,०९० होते. पण ऑगस्ट संपत आला की रोज सुमारे ५० तास गळू लागतात, म्हणजे दोन-तीन दिवसांत आकडा पुन्हा चार हजारांखाली. स्टुडिओतले आकडेही एक-दोन दिवस मागे असतात. त्यामुळे Earnमध्ये अर्जाचं बटण दिसलं की त्याच दिवशी अर्ज करायचा. एकदा अर्ज गेला की तपासणी चालू असताना तास किंवा सबस्क्रायबर उंबरठ्याखाली उतरले तरी अर्ज बाद होत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन मात्र आधीच चालू करून ठेवावं, आणि चॅनलवर नियमभंगाचा स्ट्राइक नसावा.

उलट स्थिती २०२६ची. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ महिना आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला २०२५चे मोदक पूर्ण गळून गेलेले आणि २०२६चे यायचे बाकी. त्या आठवड्यात Earnमधला आकडा शेकड्यानं घसरलेला दिसेल आणि त्यात यूट्यूबची काही चूक नसेल. असे सणाचे तास किती आहेत ते Analyticsमध्ये तारखा निवडून त्या व्हिडिओपुरते पाहता येतात, आणि कोणत्या दिवसापासून ते गळणार हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवता येतं.

तपासणीला साधारण महिना लागतो. ती माणसंही करतात, आणि दुसऱ्यांची चित्रफीत उचलून लावलेली किंवा एकाच साच्याचे व्हिडिओ आढळले तर नकार येतो. पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, आणि त्या दिवशी तास किंवा सबस्क्रायबर उंबरठ्याखाली असले तरी चालतं. ऑगस्टअखेर अर्ज केलेल्या बाईंचे तास तोवर ३,६०० च्या आसपास असतील, तरीही त्यांना नवा अर्ज करता येईल. नकार चुकीचा वाटत असेल तर त्यांनी २१ दिवसांच्या आत अपील करावं.