बेंझोडायझेपिनांची विपरीत प्रतिक्रिया
मन शांत करण्यासाठी किंवा झोप येण्यासाठी दिलेल्या बेंझोडायझेपीन गटातील औषधाने रुग्ण शांत न होता उलट अस्वस्थ, बडबडा, चिडखोर वा आक्रमक होतो, तेव्हा त्या परिणामास विपरीत प्रतिक्रिया म्हणतात. या गटातील क्लोरडायझेपॉक्साइड हे पहिले औषध 1960 मध्ये व डायझेपाम 1963 मध्ये प्रचारात आले. लोराझेपाम, अल्प्राझोलाम व मिडाझोलाम ही याच गटातील होत. निरोगी प्रौढांत अशी प्रतिक्रिया क्वचितच आढळते. वृद्ध, स्मृतिभ्रंश झालेले आणि मेंदूला इजा झालेले रुग्ण यांच्यात मात्र तिचा धोका अधिक असतो. तिचे महत्त्व असे की, ती ओळखली न गेल्यास रुग्णाला आवरण्यासाठी तेच औषध पुन्हा दिले जाते आणि क्षोभ आणखी वाढतो.

*औषधाची मूळ क्रिया* : गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल (संक्षेपाने ‘गॅबा’) हा मेंदूतील प्रमुख निरोधक पदार्थ आहे. तो तंत्रिका कोशिकेवरील आपल्या ग्राहीला चिकटला की, तेथील मार्ग उघडून क्लोराइड आयन कोशिकेत शिरतात व ती सहजासहजी उद्दीपित होत नाही. बेंझोडायझेपिने त्याच ग्राहीवर, परंतु वेगळ्या जागी बसतात. ती स्वतः मार्ग उघडत नाहीत. गॅबा असताना तो अधिक वेळा उघडेल एवढेच करतात. म्हणजे ही औषधे मेंदूतील निरोध वाढवितात. निरोध वाढून क्षोभ का व्हावा, हा खरा प्रश्न आहे.

*क्षोभाचे कारण* : मेंदूतील सर्वच कोशिका कृतीला चालना देणाऱ्या नसतात, पुष्कळशा इतरांना आवरून धरणाऱ्या असतात. भीती, संताप यांसारख्या भावना मेंदूच्या खोल भागांत, विशेषतः बदामाच्या आकाराच्या ॲमिग्डला या केंद्रात, आकार घेतात. त्यांना लगाम घालण्याचे काम अग्रखंडाचा, त्यातही डोळ्यांच्या खोबणींवर टेकलेला खालचा भाग करतो. औषधाने हा लगाम सैल झाला आणि भावनांची केंद्रे मात्र पुरेशी मंदावली नाहीत, तर दडपलेला आवेग उघड होतो. मद्याच्या अंमलाखाली एरवी संयमी असलेला माणूस भांडू लागतो, त्याचीही मीमांसा अशीच केली जाते. ही उपपत्ती सर्वाधिक मान्य असली, तरी ती एकटीच सर्व प्रसंगांचा उलगडा करीत नाही.

दुसरे कारण आकलनाशी निगडित आहे. ही औषधे नव्या आठवणी तयार होण्यात अडथळा आणतात. आपण रुग्णालयात आहोत, नाकातील नळी वैद्याने घातली आहे, हे सांगितलेले रुग्णाला थोड्याच वेळात आठवत नाही. अर्धवट जागेपणी त्याला दिसते ते अनोळखी माणसांनी आपणास धरून ठेवल्याचे. त्याचा प्रतिकार त्याच्या दृष्टीने स्वसंरक्षणच असतो.

*वार्धक्य व मेंदूची इजा* : वृद्धांचा मेंदू या औषधांना अधिक संवेदनशील असतो, रक्तातील प्रमाण तेवढेच असूनही त्यांच्यावर परिणाम जास्त होतो. अवधान टिकविणाऱ्या ॲसिटिलकोलिनाचा पुरवठा वयोमानाने, आणि स्मृतिभ्रंशात तर फारच, घटलेला असतो. त्यात औषधाची भर पडली की, मुग्धभ्रम म्हणजे चढउतार होणारी संभ्रमावस्था सहज उद्‌भवते. शिवाय वार्धक्यात शरीरातील मेदाचे प्रमाण वाढलेले असल्याने डायझेपामासारखे मेदविद्राव्य औषध तेथे साठून राहते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातील साठा निम्मा होण्यास लागणारा काळ, विशीतील व्यक्तीत सुमारे 20 तास असतो, तर ऐंशीच्या घरातील व्यक्तीत तो 80 ते 90 तासांपर्यंत जातो.

डोक्याला मार लागतो तेव्हा मेंदू कवटीच्या तळाशी असलेल्या खडबडीत हाडावर घासतो. त्यामुळे अग्रखंडाचा खालचा भाग व शंखखंडाचे टोक यांनाच बहुधा इजा होते. पहिला भाग लगामाचा आणि दुसरा स्मृतीशी संबंधित आहे. ज्या दोन कार्यांना औषध मंद करते, तीच येथे आधीपासून दुबळी झालेली असतात.

*उदाहरण* : असे प्रसंग कसे घडतात ते एका कल्पित रुग्णावरून स्पष्ट होईल. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या 80 वर्षांच्या गृहस्थांना झोपेसाठी रोज रात्री 5 मिग्रॅ. डायझेपाम सुरू केले. अर्धायुकाल 80 तास धरल्यास दर चोवीस तासांनी मागील साठ्याचा सुमारे 81 टक्के भाग शिल्लक राहतो. चौथ्या रात्रीच्या मात्रेनंतर शरीरातील साठा जवळजवळ 15 मिग्रॅ. होतो; अर्धायुकाल 20 तास असलेल्या तरुणात तो साडेआठ मिग्रॅ.च्या आसपास राहिला असता. यातील बराचसा भाग मेदात असतो. परंतु तो सावकाश बाहेर येत राहतो. पहिल्या तीन रात्री झोप लागली. चौथ्या रात्री ते उठून बसले, सलाइनची नळी उपटली आणि परिचारिकेवर हात उगारला. त्यांना 2 मिग्रॅ. लोराझेपामाचे अंतःक्षेपण दिले. तासाभराने ते अधिकच अस्पष्ट बोलू लागले व पलंगावरून उतरण्याची धडपड करू लागले. मात्रा वाढवूनही क्षोभ वाढला, ही येथील सूचक खूण होय.

*निदान व उपाय* : औषध देण्याची वेळ व वर्तनातील बदल यांचा मेळ घालणे ही निदानाची पहिली पायरी होय. शिरेतून दिलेल्या मिडाझोलामाची विपरीत प्रतिक्रिया काही मिनिटांत दिसते. तोंडाने दिलेल्या दीर्घक्रिय औषधाची काही दिवसांनी दिसू शकते. त्याचबरोबर वेदना, तुंबलेले मूत्र, प्राणवायूची कमतरता, रक्तातील साखर घटणे व संसर्ग ही कारणे तपासावी लागतात. ती असताना केवळ औषधाला दोष देणे घातक ठरेल. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात कवटीत नव्याने रक्तस्राव झाला आहे काय, हेही पाहावे लागते.

मुख्य उपाय म्हणजे औषध पुन्हा न देणे. उजेड, शांतता, चष्मा व श्रवणयंत्र जवळ असणे आणि ओळखीच्या माणसाची सोबत यांनी बराच फरक पडतो. बांधून ठेवल्याने प्रतिकार सहसा वाढतो. फ्लुमाझेनील हे प्रतिऔषध बेंझोडायझेपिनांना ग्राहीवरून हटविते आणि मिडाझोलामाने झालेला क्षोभ त्वरेने शमवू शकते. परंतु त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. शिवाय दीर्घकाळ बेंझोडायझेपिने घेणाऱ्या रुग्णात ते आकडी आणू शकते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मद्य किंवा हीच औषधे दीर्घकाळ घेऊन अचानक बंद केल्यानेही असाच क्षोभ होतो, व तेथे बेंझोडायझेपीन हाच उपचार असतो. पहिल्या प्रकारात औषध दिल्यावर बिघाड होतो, तर दुसऱ्यात ते थांबल्यावर. दुसऱ्यात कंप, घाम व जलद नाडी ही लक्षणेही ठळक असतात. म्हणून रुग्ण घरी काय घेत होता, ही नातेवाइकांकडून मिळालेली माहिती निर्णायक ठरते.