नाईट शिफ्ट करून आलात? आधी झोप काढा, मग रक्त द्यायला या

मोशीजवळच्या आमच्या सोसायटीत येत्या रविवारी क्लब हाऊसमध्ये रक्तदान शिबिर आहे. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५. कमिटीच्या मीटिंगमध्ये आधी सकाळी ९ ते १२ असं ठरत होतं, पण आपल्याकडे निम्म्या घरांतून कोणी ना कोणी चाकण, भोसरी किंवा तळवड्याला पाळीत कामाला जातो. त्यांच्यासाठीच वेळ वाढवून घेतली. याचं कारण नीट समजून घ्या.

रात्रपाळी करून, पुरेशी झोप न घेता आलेल्या माणसाचं रक्त घेऊ नये, असा रक्तदात्यांच्या निवडीचा नियमच आहे. समजा, एखादा भाऊ रविवारी सकाळी सातला पाळी संपवून कंपनीच्या बसने आठला घरी पोचला. "आलोच आहे तर देऊन टाकतो" म्हणून दहाला रांगेत उभा राहिला, तर डॉक्टर त्याला परत पाठवतील. त्यापेक्षा त्याने घरी येऊन नाश्ता करावा, दुपारी अडीचपर्यंत झोपावं, जेवावं आणि चारच्या सुमाराला यावं. मात्र त्याच रात्री पुन्हा पाळी असेल तर या वेळी राहू द्या. अंगमेहनतीचं काम करणारे आणि लांब पल्ल्याची गाडी चालवणारे, यांनी रक्त दिल्यावर पुढच्या ड्युटीपर्यंत २४ तासांचं अंतर हवं. म्हणजे ज्यांना सोमवारी सुट्टी किंवा उशिराची पाळी आहे त्यांनी यावं. बाकीच्यांनी आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी रक्तपेढीत जाऊन दिलं तरी चालतं. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात रक्तपेढी आहे.

उपाशीपोटी येऊ नका. शेवटचं खाणं चार तासांच्या आतलं असावं. रोजा असेल तर त्या दिवशी दिवसा देऊ नका, मग तो नफिल रोजा का असेना. जोहरची नमाज अदा करून आलात तर जास्त सोयीचं, कारण हातावरची पट्टी पुढचे चार-पाच तास ओली होऊ द्यायची नसते.

आता कोण देऊ शकतं? वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो. हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त. आधी दिलं असेल तर पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने झालेले हवेत. बाळंतपणाला वर्ष झालेलं नसेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा पाळी चालू असेल तर बहिणींनी थांबावं. साखरेची गोळी घेणाऱ्यांना बहुधा घेतात, पण डोस नुकताच बदललेला नसावा. इन्सुलिनवर असलेल्यांना नाही घेत. टॅटू काढला किंवा कान टोचले असतील तर वर्षभर थांबायचं असतं. हिजामा करून घेतला असेल तर तोही फॉर्म भरताना सांगा, कारण त्यातही त्वचेला छेद जातो. फॉर्मवरचे काही प्रश्न खासगी असतात. ते डॉक्टर एकट्यात विचारतात, उत्तर बाहेर जात नाही.

पहिल्यांदा येणाऱ्यांची भीती मी समजू शकते. वर्गात पेनाची निब बोटाला लागली तरी डोळे मिटणारी मुलं रोज बघते, आणि मोठेही काही वेगळे नसतात! होतं ते इतकंच. वजन आणि बीपी बघतात, मग बोटाला टोचून एक थेंब घेतात. बऱ्याच शिबिरांत तो थेंब निळ्या पाण्यात, म्हणजे मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. थेंब लगेच खाली गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगत राहिला तर कमी. आपल्या बायकांमध्ये हे बऱ्याचदा कमी निघतं. परत पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. ही तपासणी फुकट झाली असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. सगळं ठीक असेल तर कॉटवर झोपवून साधारण ३५० मिली रक्त घेतात, त्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. सुई आणि पिशवी प्रत्येकासाठी नवी, सीलबंद. ती तुमच्यासमोर उघडतात.

कोणाकोणाला मध्येच किंवा उठताना चक्कर येते. रक्त फार गेलं म्हणून येते असं नाही. भीतीने किंवा झटकन उठल्याने नाडी मंदावते, बीपी एकदम खाली येतं, म्हणून येते. जांभया येणं, कपाळाला गार घाम सुटणं, कानात गुंजणं ही तिची आधीची खूण. तसं वाटलं की लगेच तिथल्या नर्सला सांगा. आडवं करून पाय वर धरले की बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं. म्हणून चहा-बिस्किट घेऊन पंधरा मिनिटं बसल्याशिवाय गेटबाहेर पडू नका, बाईकवर तर मुळीच नाही. त्या दिवशी पाणी जास्त प्या आणि ज्या हातातून रक्त दिलं त्या हाताने सिलेंडर, पाण्याचा कॅन उचलू नका.

येताना आधार कार्ड आणि चालू गोळ्यांची पट्टी सोबत आणा. भाड्याने राहणारे, शेजारच्या सोसायटीतले, सगळे येऊ शकतात. गेटवर फक्त नाव लिहायचं आहे. बहिणींसाठी पडद्यामागे वेगळ्या कॉटची सोय आहे.