जिथे शुक्र चढतो, तिथे बुध उतरतो

पत्रिकेत मीनेचा शुक्र दिसला की ज्योतिषी आधी खूश होतो. शुक्र मीन राशीत उच्चीचा, त्यातही २७ अंशांवर परमोच्च. प्रेम, सौंदर्य, संसारसुख यांचा कारक ग्रह गुरूच्या घरी आला, म्हणजे प्रेमाला भक्तीची जोड मिळाली, असं सरळ वाचन होतं. असा माणूस जोडीदाराकडून फारसं मागत नाही, मनापासून देतो आणि दिलेलं मोजत बसत नाही.

पण मोजण्याचं खातं बुधाकडे असतं, आणि तो याच मीन राशीत १५ अंशांवर परमनीच होतो. हिशेब, तपशील, हे खरं की ते खोटं याची शहानिशा ही बुधाची कामं. प्रेमाचा ग्रह ज्या राशीत सगळ्यात वर चढतो, तिथेच पारख करणारा ग्रह सगळ्यात खाली उतरतो. जोडीदाराचे दोष डोळ्यांआड होण्याचा धोका जुने जाणकार इथूनच वाचतात. त्यासाठी बुध मीनेतच असायला हवा असं नाही, राशीचा स्वभावच तसा मानतात. दोघं एकत्र आले की मात्र तो ठळक होतो.

एक कल्पित पत्रिका घेऊ. मार्चच्या मध्यावर, रात्री आठच्या सुमारास जन्मलेली मुलगी. कन्या लग्न, आणि सप्तमात मीनेत शुक्र ८ अंशांवर, बुध १५ अंशांवर. उच्चीचा शुक्र केंद्रात म्हणजे मालव्य योग. स्थळ पाहणाऱ्यांना एवढं पुरतं. पण बुध हा या मुलीचा लग्नेश, म्हणजे ती स्वतः, आणि तो नीच होऊन जोडीदाराच्या स्थानात बसलाय. वाचन असं होतं, की ही मुलगी आपली पारख नवऱ्याच्या हवाली करून टाकेल. तो उधारी करतो? ‘मनाचा मोठा आहे, मित्रांना नाही म्हणवत नाही.’ शब्द पाळत नाही? ‘कलंदर आहे.’ तिला दोष दिसत नाहीत असं नाही, दिसल्या दिसल्या ती त्यांना बरं नाव देते. मला या योगाच्या वर्णनातली ही सगळ्यात नेमकी जागा वाटते. निव्वळ आंधळेपणापेक्षा हे निराळं आहे, कारण इथे नजर शाबूत असते.

आता नवमांश पाहू. मीनेतले ६ अंश ४० कला ते १० अंश हा तुकडा कन्या नवमांशात पडतो, आणि कन्या ही शुक्राची नीच रास. म्हणजे आपल्या मुलीचा ८ अंशांवरचा शुक्र राशीत उच्च, नवमांशात नीच. नवमांश विवाहासाठी बघतात, त्यामुळे ज्योतिषी म्हणेल की लग्नाआधीची पूजा लग्नानंतर खोड्या काढण्यात बदलू शकते. ज्याला देव केलं, त्याच्या टॉवेल टाकण्याच्या सवयीवरूनही मग भांडण. उलट २६ अंश ४० कलांपुढचा शुक्र मीन नवमांशातच राहतो, म्हणजे वर्गोत्तम होतो. तिथे भक्ती टिकते, आणि दोषांकडे काणाडोळाही टिकतो. नुसतं ‘शुक्र उच्चीचा’ म्हणून पत्रिका मिटणाऱ्याने निम्मंच वाचलं.

या मुलीला उतारा आहे का? शास्त्राप्रमाणे आहे. नीच ग्रहाच्या राशीत उच्च होणारा ग्रह केंद्रात असला तर नीचभंग मानतात, आणि इथे शुक्र सप्तमातच आहे. त्याचं वाचन बहुधा ‘अक्कल येते, पण उशिरा’ असं करतात. मकरेतल्या शनीची तिसरी दृष्टी मीनेवर पडत असेल तर तो थोडा कोरडेपणा आणतो, आणि या योगाला तो हवाच असतो. कर्केतल्या उच्च गुरूची नववी दृष्टी शुभ खरी, पण ती श्रद्धा आणखी वाढवते. म्हणजे लोक ज्याला घाबरतात तो शनी इथे कामाचा.

आता मर्यादा. २०२५ साली शुक्र वक्री झाल्यामुळे २८ जानेवारी ते ३१ मे, तब्बल चार महिने मीनेत होता, आणि २७ फेब्रुवारी ते ७ मे बुधही तिथेच. त्या काळात जन्मलेली सगळी मुलं भोळ्या प्रेमाची निघतील का? म्हणूनच लग्न, अंश, नवमांश बघावे लागतात, असं ज्योतिषी सांगतो. पाश्चात्त्य पद्धतीने मोबाइलवर ‘शुक्र मीनेत’ निघालेल्यांनी तर आधी साधारण २४ अंश वजा करावेत. बहुतेकांचा शुक्र आपल्या पंचांगात कुंभेत जाऊन बसेल आणि उच्चत्व तिथेच संपेल.

यामागे कार्यकारण आहे का, हा प्रश्न वेगळा. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या होत्या. मूल हुशार की मतिमंद, एवढंच ओळखायचं होतं. सरासरी यश ४६ टक्क्यांच्या आसपास आलं, नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच. त्या चाचणीत शुक्राबद्दल काही विचारलं नव्हतं. पण स्थळाच्या उधारीची चौकशी त्याच्या गल्लीतल्या वाण्याकडेही करता येते, आणि त्याला जन्मवेळ लागत नाही.