योगवर्गाची फी ऑटोपेने भरताना

महिन्याचा पहिला आठवडा आला की योगवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फीची आठवण येते. मग पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट येतात आणि वर्ग घेणाऱ्या बाई रात्री वही उघडून नावांपुढे खुणा करत बसतात. ज्यांना रोज सकाळी प्राणायाम शिकवायचा, त्यांच्याकडेच मागची बाकी मागायची, हे कुणालाही अवघड जातं. म्हणूनच एखाद्या दिवशी विद्यार्थ्यांना असा ईमेल येतो: ‘सर्वांना नमस्कार. जुलैपासून मासिक फी १,५०० रुपये यूपीआय ऑटोपेने घेतली जाईल. खालच्या लिंकवर जाऊन एकदाच परवानगी द्या. दर महिन्याच्या ५ तारखेला रक्कम आपोआप वळती होईल.’

ईमेल नीटनेटका आहे, पण परवानगी देताना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं त्यात नाहीत. लिंक उघडली की पेमेंट कंपनीचं पान येतं. तिथे आपलं यूपीआय अ‍ॅप निवडायचं. मग त्या अ‍ॅपमध्ये परवानगीचा तपशील दिसतो: पैसे कुणाला, किती, किती दिवसांनी, कधीपासून कधीपर्यंत. खाली पिन विचारला जातो. घाईत आपण थेट पिनकडे जातो. वाचायचं असतं ते त्याच्या वरचं.

आधी नाव पाहा. वर्ग ‘योगसाधना’ म्हणून ओळखीचा असला, तरी स्क्रीनवर बाईंचं स्वतःचं किंवा नोंदणी केलेल्या व्यवसायाचं नाव येऊ शकतं. शिक्षकांनी ते नाव ईमेलमध्ये आधीच लिहिलं, तर निम्मे फोन वाचतात.

खरा घोळ रकमेत होतो. परवानगी ठरावीक रकमेची असू शकते किंवा ‘इतक्या रुपयांपर्यंत’ अशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा वर्गणीसाठी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर महिन्याला पिन न विचारता वळती होऊ शकते. लिंक तयार करताना कुणी लक्ष दिलं नाही, तर १,५०० च्या फीसाठी कमाल मर्यादा १५,००० दिसू शकते. अशा परवानगीत फी वाढली तरी पुन्हा विचारायची गरज उरत नाही. उलट नेमके १,५०० लिहिले, तर शंभर रुपये वाढवायलाही सगळ्यांकडून नवी परवानगी घ्यावी लागते. माझ्या मते १,८०० ची मर्यादा आणि वर्षभराची मुदत हा दोघांनाही सोयीचा मार्ग आहे. पण शिक्षकांनी ती ईमेलमध्ये स्पष्ट सांगायला हवी.

पहिल्या महिन्याचंही सांगायला हवं. काही ठिकाणी परवानगी देतानाच पहिली फी कापली जाते. समजा कुणी २८ जूनला परवानगी दिली, त्याच दिवशी १,५०० गेले आणि ५ जुलैला पुन्हा गेले, तर त्या माणसाला दुप्पट फी घेतल्यासारखं वाटणारच. २८ तारखेला गेलेली रक्कम कुठल्या महिन्याची, हे एका वाक्यात लिहिलं तर हा वाद होत नाही.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी आपल्याला सूचना मिळायला हवी, असा नियम आहे. ती वाचायची सवय ठेवावी, कारण तेवढ्या अवधीत त्या महिन्याची रक्कम थांबवता येते. ५ तारखेला सकाळी पैसे गेले नाहीत म्हणून लगेच दुसऱ्या मार्गाने फी भरू नये. गर्दीच्या वेळा टाळण्यासाठी ऑटोपेचे व्यवहार सकाळी दहाच्या आत, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतर होतात. खात्यात पैसे कमी असतील, तर पुन्हा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून शिक्षकांनीही त्या दिवशी रात्रीपर्यंत थांबून मगच यादी पाहावी.

वर्ग सोडला, ग्रुपमधून बाहेर पडलं, तरी परवानगी चालूच राहते. ती आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे या विभागात जाऊन रद्द करावी लागते. महिनाभर गावी जायचं असेल, तर तिथेच ती तात्पुरती थांबवताही येते. पण बाईंना आधी कळवावं, नाहीतर त्यांच्या यादीत तुम्ही थकबाकीदार दिसाल.

ज्या शिक्षकांचं पेमेंट कंपनीकडे खातं नाही, त्यांनी विद्यार्थ्यांना बँकेतल्या स्थायी सूचनेचा पर्याय द्यावा. नेटबँकिंगमध्ये शिक्षकांचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरून, रक्कम, तारीख आणि मुदत ठरवली की दर महिन्याला पैसे जातात. इथे रक्कम फक्त विद्यार्थीच बदलू शकतो, त्यामुळे अनेक ज्येष्ठांना हा मार्ग अधिक निर्धास्त वाटतो.

आणि एक गोष्ट ईमेलच्या अगदी वरच्या ओळीत हवी: यूपीआय पिन फक्त स्वतःच्या अ‍ॅपमध्येच टाकायचा. लिंकवर उघडलेल्या पानानेच पिन मागितला, तर ते पान बंद करून आधी बाईंना फोन करावा.