वाटीभर मेयोनीजमधले तीन लाख कोटी थेंब

एका अंड्याचा बलक, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि 200 मिलिलिटर तेल. मेयोनीजला मुख्यतः एवढंच लागतं. 15 सेंटीमीटर रुंदीच्या भांड्यात हे तेल रसावर नुसतं ओतलं, तर दोघांची गाठ पडते ती जेमतेम 177 चौरस सेंटीमीटरवर. नीट फेटल्यावर मात्र तेलाचे बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंब 5 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग धरला, तर थेंब होतात तीन लाख कोटी आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग 240 चौरस मीटर. म्हणजे जवळपास 2,600 चौरस फूट!

एवढा पृष्ठभाग आपणहून टिकत नाही. दोन थेंब भेटले की एकजीव होऊ पाहतात. त्यांना अडवतं ते लेसिथिन. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ थिओडोर गोब्ले यांनी 1840 च्या दशकात ते बलकातून वेगळं केलं. याच्या रेणूला स्निग्धाम्लांच्या दोन शेपट्या असतात, त्या तेलात शिरतात. फॉस्फेटचं डोकं पाण्यात राहतं. असा एक रेणू जागा अडवतो सुमारे 0.65 चौरस नॅनोमीटर. तेव्हा एक थेंब पुरता झाकायला बारा कोटी रेणू हवेत. 2011 च्या जनगणनेतल्या महाराष्ट्रापेक्षाही जास्त, आणि तेही एकाच थेंबावर.

मग एक बलक पुरतो कसा? 17 ग्रॅमच्या बलकात लेसिथिनसारखे फॉस्फोलिपिड दीड ग्रॅमच्या आसपास असतात. एका थरात पसरले, तर सुमारे 800 चौरस मीटर झाकतील, गरजेच्या तिपटीहून जास्त. अर्थात हा हिशेब कागदावरचा. बलकात लेसिथिन मोकळं नसतं. ते प्रथिनांसोबत सूक्ष्म कणांत बांधलेलं असतं. ते कण थेंबावर आदळून फुटतात आणि प्रथिनं व लेसिथिन मिळून आवरण बनवतात. नुसत्या लेसिथिनचं मेयोनीज इतकं घट्ट उभं राहत नाही, ते यामुळेच.

म्हणून कमी पडतं ते बहुधा लेसिथिन नव्हे, पाणी. रस आणि बलकातलं पाणी मिळून 23-24 मिलिलिटर. ते 240 चौरस मीटरवर वाटलं, तर थर उरतो मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा. एकसारखे गोल कितीही दाटीने रचले तरी 74 टक्केच जागा भरते. इथे तेल 85 टक्क्यांच्या पुढे असतं. थेंब एकमेकांवर दाबून चपटे होतात, आणि मेयोनीज चमच्यावर उभं राहतं ते त्या दाटीमुळेच.

सुरुवातीला तेल थेंबाथेंबाने घालायचं, कारण एकदम ओतलेलं तेल फेटणीला फोडता येत नाही आणि पाणीच तेलात अडकतं. शेवटी शेवटी मिश्रण फार घट्ट झालं आणि कडेला तेल चमकू लागलं, तर तेल थांबवून चमचाभर पाणी घालावं. फाटून पातळ झालंच, तर स्वच्छ भांड्यात नवा बलक घ्यावा आणि फाटलेलं मिश्रण तेलासारखंच, थोडंथोडं त्यात फेटत जावं.