अंदाज, सुधारणा आणि पहिली तीन मूल्ये

एखादी राशी क्षणाक्षणाला किती वेगाने बदलते हे अवकल समीकरण सांगते. सुरुवातीला ती राशी किती होती हेही ठाऊक असेल, तर त्या गणिताला प्रारंभिक मूल्य समस्या म्हणतात. बहुतेक वेळा अशा समीकरणाचे उत्तर नेटक्या सूत्रात मिळत नाही. मग काळाचे छोटे टप्पे पाडतात आणि टप्प्याटप्प्याने आकडे काढत पुढे जातात.

पुढे जाण्याच्या दोन रीती आहेत. एकपायरी पद्धत फक्त शेवटच्या बिंदूकडे पाहते. तिथून पुढच्या टप्प्यात दोन-चार ठिकाणी बदलाचा वेग तपासते, नवे मूल्य काढते आणि मधले सगळे हिशेब विसरून जाते. कार्ल रुंगे यांनी १८९५ मध्ये सुरू केलेली आणि विल्हेल्म कुट्टा यांनी १९०१ मध्ये पुढे नेलेली चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत ही त्यातली सर्वांत परिचित. बहुपायरी पद्धत मात्र मागच्या अनेक बिंदूंवरचे वेग जपून ठेवते आणि त्यांच्यातून जाणारी वक्ररेषा पुढे वाढवते. जॉन काउच ॲडम्स यांनी तयार केलेली अशी सूत्रे १८८३ मध्ये फ्रान्सिस बॅशफोर्थ यांच्यासोबतच्या पुस्तकात छापली गेली. द्रवाच्या थेंबाचा आकार गणिताने काढणे हा त्यांचा हेतू होता. पुढे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट रे मोल्टन यांनी तोफगोळ्यांच्या मार्गाचा हिशेब करताना याच घराण्यातली सूत्रे वापरली आणि त्यांचेही नाव पद्धतीला जोडले गेले.

ॲडम्स-बॅशफोर्थ-मोल्टन पद्धतीत एक टप्पा दोन सूत्रांनी पार होतो. पहिले सूत्र मागच्या चार वेगांवरून पुढच्या मूल्याचा अंदाज बांधते. त्या अंदाजावरून नव्या बिंदूवरचा वेग काढतात, आणि तो वेग घेऊन दुसरे सूत्र अंदाज सुधारते. `f` म्हणजे वेग, `h` म्हणजे टप्प्याची लांबी, `p` हा अंदाज आणि `c` हे सुधारलेले मूल्य:

```
p = y3 + (h/24)*(55*f3 - 59*f2 + 37*f1 - 9*f0)
c = y3 + (h/24)*(9*fp + 19*f3 - 5*f2 + f1)
```

अडचण पहिल्याच ओळीत आहे. तिला चार वेग हवेत, आणि समस्येने दिलेला असतो फक्त एकच बिंदू. उरलेली तीन मूल्ये बाहेरून आणावी लागतात. ज्या पद्धतीला मागचे काही लागत नाही, म्हणजे एकपायरी, तीच या कामी येते.

उदाहरणार्थ, ३० अंश सेल्सिअसच्या खोलीत ९० अंशांचे पाणी निवायला ठेवले आहे. खोलीपेक्षा ते जितके गरम, त्याच्या एकदशांश अंश दर मिनिटाला ते थंड होते असे धरू. सुरुवातीचा वेग मिनिटाला उणे ६ अंश. टप्पा २ मिनिटांचा. रुंगे-कुट्टा पद्धत या टप्प्यात चार वेग काढते: सुरुवातीला −६, मध्याशी −५.४, त्याच मध्याशी सुधारून −५.४६ आणि शेवटी −४.९०८. मधल्या दोघांना दुप्पट वजन देऊन सरासरी घेतली की दोन मिनिटांनंतरचे तापमान ७९.१२४० येते. याच रीतीने चौथ्या मिनिटाला ७०.२१९५ आणि सहाव्या मिनिटाला ६२.९२९० मिळते. आता हाताशी चार बिंदू आहेत आणि रुंगे-कुट्टाचे काम संपले.

आठव्या मिनिटासाठी अंदाजाचे सूत्र ५६.९६४५ देते. तिथला वेग −२.६९६५ येतो, आणि तो घालून सुधारणेचे सूत्र ५६.९५९४ देते. या साध्या उदाहरणाचे खरे उत्तर सूत्राने काढता येते, ते ५६.९५९७ आहे. अंदाज सुमारे ०.००४८ अंशाने चुकला होता, सुधारणेनंतर चूक ०.०००४ वर आली. रुंगे-कुट्टाला प्रत्येक टप्प्यात चार वेळा वेग काढावा लागतो, इथे दोनदाच. वेग काढणे हेच जिथे खर्चिक असते, उदाहरणार्थ अनेक ग्रहांची एकमेकांवरची ओढ मोजताना, तिथे ही बचत मोठी ठरते.

दुसरा लाभ याहून मोलाचा आहे. अंदाज आणि सुधारणा यांच्यातल्या फरकावरून त्या टप्प्यातली चूक कळते: फरकाला १९ ने गुणून २७० ने भागायचे. वरच्या उदाहरणात फरक ०.००५२, म्हणून चूक सुमारे ०.०००३७ निघते. प्रत्यक्ष चूक ०.०००३९ होती. खरे उत्तर माहीत नसतानाही आपण कुठे आहोत याचा अंदाज देणारी ही तपासणी जवळजवळ फुकट मिळते.

पण ही तपासणी आरंभीच्या मूल्यांबाबत आंधळी असते, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. समजा, पहिली तीन मूल्ये ऑयलरच्या सर्वांत सोप्या पद्धतीने काढली, म्हणजे प्रत्येक टप्प्यात सुरुवातीचाच वेग शेवटपर्यंत धरला. तापमाने येतात ७८, ६८.४ आणि ६०.७२. पुढे तीच उत्तम सूत्रे वापरून आठव्या मिनिटाला अंदाज ५५.२२ आणि सुधारलेले मूल्य ५५.१६ मिळते. फरकावरून निघणारी चूक जेमतेम ०.००४ अंश, प्रत्यक्षात उत्तर १.८ अंशांनी चुकलेले आहे. सूत्रे आपल्याला मिळालेला भूतकाळ खरा मानतात. तो चुकीचा असला तरी अंदाज आणि सुधारणा दोघांनाही तोच मिळालेला असल्याने त्यांचे आपसात जुळते. म्हणून चौथ्या कोटीच्या पद्धतीची सुरुवातही त्याच तोडीच्या पद्धतीने करावी. आरंभाबद्दल शंका असेल तर ते तीन टप्पे निम्म्या लांबीने पुन्हा काढून पाहावेत. मूल्ये लक्षणीय हलली, तर पहिली मूल्ये वापरण्याजोगी नव्हती.

फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की टप्पा लहान करावा लागतो. एकपायरी पद्धतीला त्याचे काही वाटत नाही, पण इथे जुने बिंदू दोन-दोन मिनिटांच्या अंतरावर आहेत आणि नव्या सूत्राला एकेका मिनिटावरचे हवेत. मग मधली मूल्ये जुन्या बिंदूंवरून भरून काढतात, किंवा त्या जागेपासून रुंगे-कुट्टाने नवी सुरुवात करतात. परिस्थिती अचानक बदलली तरी नव्या सुरुवातीला पर्याय नसतो. दहाव्या मिनिटाला पंखा लावला, तर त्याआधीचे वेग वेगळ्या नियमाने आलेले असतात आणि त्यांच्यातून वक्ररेषा पुढे वाढवणे चूक ठरते.

टप्पा वाढवण्यालाही सीमा आहे. निवणाऱ्या पाण्यासारख्या उदाहरणात टप्प्याची लांबी आणि निवण्याचा दर यांचा गुणाकार सुमारे १.२५ च्या आत ठेवावा लागतो. इथे दर ०.१ असल्याने साडेबारा मिनिटांपेक्षा मोठा टप्पा चालत नाही. त्यापुढे पाणी खोलीच्या तापमानाकडे जायचे सोडून आकडे भरकटतात आणि अंदाज-सुधारणेतला फरक टप्प्यागणिक फुगत जातो. रुंगे-कुट्टाची सीमा २.७८ च्या आसपास, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. काही भाग झपाट्याने आणि काही अगदी हळू बदलणाऱ्या प्रणालींत, जसे काही रासायनिक अभिक्रियांत, ही सीमा इतकी आवळते की टप्पा कमालीचा लहान ठेवावा लागतो. तिथे दोन्ही पद्धती सोडून, पुढचे मूल्य समीकरण सोडवून काढणाऱ्या पूर्ण अव्यक्त पद्धती वापरतात.